विल्सनची वजा एक कुठून येते?

गैरसमज: फर्माचे छोटे प्रमेय आणि विल्सनचे प्रमेय म्हणजे मूळ संख्यांच्या दोन वेगळ्या गमती.

दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात. ११ ने भागल्यावर उरणाऱ्या शून्येतर बाक्या घ्या: १ ते १०. त्यांपैकी कोणत्याही दोघींचा गुणाकार करून पुन्हा ११ ने भागून बाकी घेतली, तर उत्तर याच दहांत राहते. शिवाय प्रत्येकीला व्यस्त आहे, म्हणजे जिच्याशी गुणल्यावर बाकी १ येते अशी जोडीदार. त्यामुळे हा ग्रुप होतो.

आता १० फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १० चा गुणाकार, पाहू. २ ची जोडी ६ शी, ३ ची ४ शी, ५ ची ९ शी, ७ ची ८ शी. या जोड्यांचा गुणाकार प्रत्येकी १, म्हणून त्या गळून पडतात. उरतात १ आणि १०, कारण या दोघी स्वतःच स्वतःच्या व्यस्त आहेत. गुणाकाराची बाकी १०, म्हणजेच −१. विल्सनचे प्रमेय ते हेच. खरेच, ३६,२८,८०० मध्ये १ मिळवला की ११ ने पूर्ण भाग जातो.

दोघीच का उरल्या? क्ष चा वर्ग १ झाला, तर (क्ष−१)(क्ष+१) ला ११ ने भाग जातो, आणि ११ मूळ असल्याने तो एका कंसाला जायलाच हवा. १५ घेतले की हे कोलमडते. तिथे व्यस्त असलेल्या बाक्या आठ आहेत, पण ४ चा वर्ग १६ असल्याने ४ आणि ११ सुद्धा स्वतःच्याच व्यस्त ठरतात. आठांचा गुणाकार −१ नव्हे, १ येतो.

फर्माने १६४० मध्ये पत्रातून, सिद्धता न देता, कळवलेले प्रमेयही याच ग्रुपमध्ये सुटते. दहाही बाक्यांना ३ ने गुणा. त्याच दहा बाक्या, फक्त क्रम बदलून, परत येतात, कारण दोन उत्तरे सारखी आली तर ३ च्या व्यस्ताने गुणून मूळ बाक्याही सारख्या निघतील. म्हणून ३ चा १० वा घात गुणिले १०! आणि नुसते १०! यांची बाकी एकच. १०! ला व्यस्त आहे. ते काढून टाकले की ३ च्या १० व्या घाताची बाकी १.

गैरसमज: बाकी १ पहिल्यांदा १० व्या घातालाच येते.

३ चा ५ वा घात २४३, आणि २४३ = २२ × ११ + १. पाचव्यालाच काम झाले. ३ च्या घातांच्या बाक्या ३, ९, ५, ४, १ हा पाच जणींचा उपग्रुप आहे, आणि उपग्रुपची सदस्यसंख्या पूर्ण ग्रुपच्या संख्येला निःशेष भागते. म्हणून ५ चालते, १० चालते, पण ७ कधीच येणार नाही.

गैरसमज: फर्माच्या कसोटीला उतरली की संख्या मूळ.

३४१ पाहा. २ चा १० वा घात १०२४ = ३ × ३४१ + १; म्हणून ३४० व्या घातालाही बाकी १ च. तरी ३४१ = ११ × ३१. विल्सनचे विधान मात्र उलटही खरे आहे: न संयुक्त असेल तर तिचा लहान भाजक (न−१)! मध्येच असतो, मग −१ बाकी येणार कशी? पण शंभर अंकी संख्येसाठी इतके गुणाकार कोणी करूच शकत नाही, म्हणून व्यवहारात फर्माचीच, थोडी सुधारलेली, चाचणी वापरतात.