टॉर्कचा प्रवाह वेगळा, फ्लक्सचा वेगळा

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या कंट्रोलरपासून मोटरपर्यंत तीन जाड तारा जातात. मोटरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन गुंडाळ्या एकमेकींपासून 120 अंशांवर बसवलेल्या असतात आणि फिरणाऱ्या रोटरवर कायमचुंबक असतात. तिन्ही गुंडाळ्यांतले प्रवाह सतत वरखाली होतात आणि त्यांचे मिळून एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. चालवणाऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर पिळला की त्याला हवा असतो तो मात्र फक्त टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ. तीन बदलत्या प्रवाहांपैकी नेमका किती भाग हा पीळ देतो, हे एका प्रवाहाकडे पाहून सांगता येत नाही.

उत्तर दिशेत आहे. स्टेटरचे क्षेत्र रोटरच्या चुंबकाशी काटकोनात असेल, तर ते चुंबकाला पूर्ण जोराने ओढते. ते चुंबकाच्याच दिशेत असेल, तर पीळ शून्य. तेवढा प्रवाह चुंबकाच्या फ्लक्समध्ये भर घालतो किंवा त्यातून वजा करतो, एवढेच. जुन्या डीसी मोटरमध्ये हा काटकोन ब्रश आणि कॉम्युटेटर आपोआप राखत. तिथे फ्लक्ससाठी एक गुंडाळी आणि टॉर्कसाठी आर्मेचर अशी वाटणी मुळातच असे, म्हणून ती मोटर ताब्यात ठेवणे सोपे होते. तीन फेजच्या मोटरमध्ये ही वाटणी प्रत्यक्षात नसते. ती गणिताने करावी लागते.

हे गणित दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी अमेरिकन अभियंता इडिथ क्लार्क यांच्या नावाने ओळखली जाते. तिन्ही प्रवाहांची बेरीज शून्य असल्याने तिसरा प्रवाह पहिल्या दोहोंवरून कळतो. म्हणजे खरी माहिती दोनच आकड्यांची असते. म्हणून तीन अक्षांऐवजी एकमेकांना काटकोनात असलेले दोन स्थिर अक्ष घेतले जातात. दुसरी पायरी रॉबर्ट पार्क यांची. 1929 साली सिंक्रोनस यंत्रांवरच्या लेखात त्यांनी ती मांडली. तिच्यात हे दोन अक्ष रोटरबरोबर फिरवले जातात. मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसलेल्याला शेजारचा घोडा जागच्या जागी दिसतो, तसा रोटरवरून पाहणाऱ्याला फिरता प्रवाह स्थिर दिसतो.

```
iα = ia
iβ = (ia + 2·ib) / √3

id =  iα·cosθ + iβ·sinθ
iq = −iα·sinθ + iβ·cosθ
```

इथे θ हा रोटरचा विद्युत कोन. डी अक्ष चुंबकाच्या दिशेत असतो, क्यू अक्ष त्याच्या काटकोनात. समजा एका क्षणी θ 30 अंश आहे आणि तीन तारांत −5, 10 आणि −5 अँपिअर प्रवाह आहेत. पहिल्या पायरीनंतर −5 आणि 8.66 मिळतात. दुसरीनंतर id येतो −4.33 + 4.33, म्हणजे शून्य, आणि iq येतो 2.5 + 7.5, म्हणजे 10. सगळाच्या सगळा प्रवाह टॉर्कच्या कामी लागला आहे. पुढच्या क्षणी तिन्ही आकडे बदलतील, पण मागणी तीच असेल तर id शून्यच राहील आणि iq 10 च.

या स्थिरतेसाठीच एवढी खटपट असते. प्रवाह ताब्यात ठेवणारा नेहमीचा पीआय कंट्रोलर चूक मोजतो, तिची बेरीज करत राहतो आणि ती शून्य होईपर्यंत व्होल्टेज बदलतो. मागणी स्थिर असेल तर हे उत्तम चालते. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या, चार ध्रुव-जोड्यांच्या मोटरमध्ये मात्र तारांतला प्रवाह सेकंदाला 200 वेळा हेलकावतो. पीआयने त्याचाच पाठलाग केला, तर तो कायम थोडा मागे राहतो. फिरत्या अक्षांवर हाच पीआय दोन स्थिर आकडे सांभाळतो: एक कंट्रोलर id साठी, दुसरा iq साठी. त्यांनी ठरवलेली दोन व्होल्टेज उलट गणिताने पुन्हा तीन फेजची करून इन्व्हर्टरला दिली जातात.

सगळी भिस्त मात्र θ वर आहे, आणि गडबडही बहुधा तिथेच होते. कोन सांगणारा सेन्सर बसवताना 5 अंश सरकला असे धरू. चार ध्रुव-जोड्या असल्यामुळे विद्युत कोनात ही चूक चौपट, म्हणजे 20 अंश होते. कंट्रोलरला वाटते iq 10 आहे आणि id शून्य. प्रत्यक्षात iq 9.4 असतो आणि सुमारे 3.4 अँपिअर डी अक्षावर गेलेले असतात. टॉर्क फक्त सहा टक्क्यांनी घटतो, त्यामुळे चालवताना काही जाणवत नाही. लबाडी उघडी पडते ती मोटर दोन्ही दिशांना फिरवून पाहिली की. एका दिशेला तो चोरटा डी-प्रवाह फ्लक्स कमी करतो आणि दुसऱ्या दिशेला वाढवतो, म्हणून मोकळ्या मोटरचा कमाल वेग दोन्हीकडे सारखा येत नाही. चूक 60 विद्युत अंशांची झाली तर टॉर्क निम्मा उरतो. 90 च्या पुढे तो उलटा होतो. तेव्हा वेग सांभाळणारी यंत्रणा दुरुस्तीच्या नादात मोटर भलतीकडेच पिटाळते.

उपाय साधा आहे. चाक अधांतरी ठेवून, θ शून्य धरून डी अक्षावर स्थिर प्रवाह सोडायचा. रोटर वळून पहिल्या गुंडाळीच्या अक्षाशी जुळतो. त्या वेळी सेन्सर जो कोन दाखवेल तो पुढे प्रत्येक वाचनातून वजा करायचा. कोनाचा आणखी एक चोर म्हणजे वेळ. गणित दर 100 मायक्रोसेकंदांनी होत असेल, तर वरच्या वेगाला तेवढ्यात रोटर 7.2 विद्युत अंश पुढे गेलेला असतो. म्हणून व्होल्टेज परत तीन फेजचे करताना तेवढा कोन आधीच पुढे धरला जातो.

दोन प्रवाह वेगळे झाले तरी त्यांची फारकत पूर्ण नसते. अक्ष फिरत असल्यामुळे iq बदलला की डी अक्षावर वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज उमटते आणि id चे क्यू अक्षावर. कमी वेगाला हे पीआय पचवतो. जास्त वेगाला ते व्होल्टेज आधीच मोजून आज्ञेत मिसळावे लागते, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर झटकन पिळला की शून्यावर असायला हवा तो id उसळी मारतो. वेग आणखी वाढला की चुंबकामुळे उलट उमटणारे व्होल्टेज बॅटरीच्या मर्यादेला भिडते. मग मुद्दाम ऋण id देऊन फ्लक्स दाबतात. त्याने जास्त वेग मिळतो, पण एकूण प्रवाहाची मर्यादा तीच असल्याने टॉर्कसाठी तेवढा कमी उरतो.

मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांत असतात त्या इंडक्शन मोटरमध्ये चुंबकच नसतो. तिथे फ्लक्स id मुळेच निर्माण होतो आणि तो हळूहळू चढतो, म्हणून id सहसा स्थिर ठेवून चपळाईचे काम iq कडे दिले जाते. फ्लक्स रोटरच्या किंचित पुढे धावत असल्याने त्याचा कोन सेन्सरवर थेट वाचता येत नाही. तो रोटरचा रोध धरून काढावा लागतो. फेलिक्स ब्लाश्के यांनी सीमेन्समध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली तेव्हापासून हा रोधच त्रासदायक ठरला आहे. मोटर तापली की तो वाढतो. कंट्रोलर थंड मोटरचा आकडा धरून बसला, तर त्याचे अक्ष खऱ्या फ्लक्सपासून सरकतात आणि टॉर्कच्या आज्ञेतला काही भाग फ्लक्सकडे झिरपतो. यामुळे असे कंट्रोलर चालू मोटरच्या व्होल्टेज-प्रवाहावरून तो रोध पुन्हा पुन्हा अंदाजतात.