स्पॅनिश पाहुण्यांना आसनं शिकवायचीत? आधी एवढे शब्द तोंडी बसवा

लोणावळ्याचं कैवल्यधाम असो की गावाकडचं होमस्टे, योगासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत स्पेन किंवा लॅटिन अमेरिकेतले लोकही असतात. त्यांतल्या काहींना इंग्रजी जेमतेमच येतं. अशा वेळी थोड्या स्पॅनिश सूचनांवर साधा वर्ग घेता येतो.

उच्चार आपल्याला सोपा आहे. स्पॅनिशमध्ये ट, ड नाहीत, आपले त, द आहेत. मात्र स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर मुकं असतं. म्हणून श्वास घ्या म्हणजे ‘इनाले’ आणि सोडा म्हणजे ‘एक्साले’. इंग्रजीसारखं ‘इनहेल’ म्हटलं तर पाहुणा गोंधळेल. इथल्या सगळ्या सूचना आदरार्थी, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’सारख्या आहेत.

आता ताडासन घेऊ. ‘पोंगासे दे पिए’ म्हणजे उभे राहा. ‘एस्पाल्दा रेक्ता’ म्हणजे पाठ सरळ. मग ‘इनाले, लेवान्ते लोस ब्रासोस’, श्वास घेत हात वर. ‘एक्साले, बाहे लोस ब्रासोस’, श्वास सोडत हात खाली. हे तीनदा करून घ्या. पाहुण्याने घाई केली तर ‘देस्पासिओ’, म्हणजे सावकाश, एवढं पुरे.

पुढे वाकताना आधी ‘दोब्ले लास रोदियास’, म्हणजे गुडघे थोडे वाकवा, असं सांगा. गुडघे ताठ ठेवून वाकलं की ताण कमरेवर येतो. त्यानंतर ‘एक्साले, इन्क्लिनेसे आसिया आदेलान्ते’, श्वास सोडत पुढे वाका.

खरी गडबड डाव्या-उजव्यात होते. उजवा हात ‘ब्रासो देरेचो’, पण उजवा पाय ‘पिएर्ना देरेचा’. हात पुल्लिंगी, पाय स्त्रीलिंगी, म्हणून शेवट बदलतो. डाव्यासाठी ‘इस्किएर्दो’ आणि ‘इस्किएर्दा’. तुम्ही समोर तोंड करून उभे असाल तर तोंडाने ‘देरेचो’ म्हणा आणि स्वतःचा डावा हात उचला. पाहुणा आरशात पाहिल्यासारखं बघून करतो. स्वतःचा उजवा हात उचललात, तर कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं असं त्याचं होईल.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘ले दुएले?’, दुखतंय का? मान ‘कुएयो’, पाठ ‘एस्पाल्दा’, गुडघा ‘रोदिया’. त्या त्या भागाकडे बोट दाखवून विचारा. उत्तर ‘सी’ आलं तर ते इंग्रजीतलं ‘बघा’ नव्हे, तो होकार आहे. लगेच ‘पारे’, म्हणजे थांबा, म्हणा आणि आसन सोडायला लावा. तोंडाने ‘नो’ म्हणूनही चेहरा आक्रसला किंवा श्वास अडला, तरी थांबवाच.

शेवटी शवासन: ‘आकुएस्तेसे बोका आर्रिबा’, उताणे झोपा. ‘सिएर्रे लोस ओहोस’, डोळे मिटा. त्यानंतर पाच मिनिटं काहीच बोलू नका.