‘हॅलो’ पुसताना मन काय शिकतं?

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्डा गावातला अकरावीचा एक लाजाळू मुलगा डोळ्यांसमोर आणा. कॉलेजला तो मेहकरला जातो. वर्गातल्या एका मुलाकडून त्याला फिजिक्सच्या वह्या हव्या आहेत. रात्री मोबाइल घेऊन तो ‘हॅलो’ लिहितो आणि पुसतो. मग ‘हाय’, मग ‘हॅलो, ओळखलंस का?’ तेही पुसतो. असं दहा-बारा वेळा होतं.

हा नुसता लाजाळूपणा नाही, त्यामागे शिकण्याची एक प्रक्रिया आहे. ‘पाठवा’वर बोट गेलं की छाती धडधडते. शब्द पुसले की लगेच हायसं वाटतं. त्या सुटकेतून मेंदू धडा घेतो, की पुसल्यामुळेच आपण वाचलो. म्हणून पुढच्या वेळी पुसण्याची ओढ आणखी वाढते. समोरचा खरंच हसला असता का, हे मात्र कधी तपासलंच जात नाही.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये हे दुष्टचक्र मांडलं. अशा वेळी माणसाचं लक्ष समोरच्यापेक्षा स्वतःकडेच लागतं. ‘मी कसा दिसतोय’ या भीतीलाच तो पुरावा मानतो.

यातून सुटायला धाडसापेक्षा प्रयोग उपयोगी पडतो. या मुलाने आधी वहीत लिहावं, ‘तो उत्तर देणार नाही किंवा हसेल. खात्री 80 टक्के.’ मग एकच साधं वाक्य लिहून न बदलता पाठवावं : ‘हॅलो, फिजिक्सच्या वह्या उद्या आणशील का?’ पाठवल्यावर निळ्या खुणा बघत बसू नये, मोबाइल बाजूला ठेवावा. तसंच बघत बसणं किंवा पाठवलेलं लगेच डिलीट करणं हेही पुसण्याचंच दुसरं रूप. दुसऱ्या दिवशी काय घडलं ते अंदाजाशेजारी लिहावं.

सकाळी ‘हो, आणतो’ एवढंच उत्तर आलं, तर भाकीत चुकलं. उत्तर आलंच नाही, तरी ‘हसला’ असं सिद्ध होत नाही, तो झोपला असेल. एका प्रयोगाने भीती जात नाही. ओळखीच्या माणसापासून सुरुवात करून हळूहळू अवघड प्रसंगांकडे जावं लागतं. घरच्यांनी ‘दे, मीच पाठवते’ म्हणून फोन हातात घेतला, तर मुलाची शिकण्याची संधी हुकते.

लाजाळूपणा हा आजार नाही. पण सहा महिने किंवा अधिक काळ ही भीती टिकली, तोंडी परीक्षा, वर्ग, मित्र टाळणं सुरू झालं, तर समाजभयाचा विकार असू शकतो. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि मानसोपचाराने बरा होऊ शकतो. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोनवर बोलणंच अवघड वाटत असेल, तर पहिला फोन आई-वडिलांनी लावला तरी चालेल.