काचपट्टी आणि ठोकळा : कर्करोगाच्या निदानाची फेरतपासणी

कर्करोगाच्या निदानाबाबत दुसरे मत घेणे म्हणजे केवळ अहवाल दुसऱ्या तज्ज्ञास दाखविणे नव्हे. अहवाल हा पहिल्या तज्ज्ञाचा निष्कर्ष होय; त्यामागील पुरावा काचपट्टीवर आणि मेणाच्या ठोकळ्यात असतो. काचपट्टीवर सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा रंगविलेला छेद असतो; उरलेली ऊती ठोकळ्यात राहते.

मानेतील गाठीच्या तुकड्यावरून 'अल्पविभेदित कार्सिनोमा' असे निदान झाले, असे समजावे. नेहमीच्या रंजनात अशा मोठ्या, विस्कळित पेशी लिम्फोमातही दिसू शकतात. हा संशय फेडण्यासाठी ठोकळ्यातून नवे छेद कापून त्यांवर प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंजन करावे लागते. सायटोकेरॅटिन नकारात्मक आणि सीडी-४५ व सीडी-२० सकारात्मक आल्यास निदान बी-पेशींच्या लिम्फोमाकडे वळते. मग मूळ अर्बुदाचा शोध मागे पडून औषधोपचार हाच मुख्य उपाय ठरतो. केवळ जुनी काचपट्टी पाहून हा निर्णय करता आला नसता.

म्हणून रुग्णाने मूळ प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून सर्व काचपट्ट्या, ठोकळा व अहवालाची प्रत मागावी आणि तिन्हींवरील क्रमांक जुळवून पाहावेत. उन्हाळ्यात ठोकळा उष्णतेपासून जपावा. मेण मऊ पडते. सुईने घेतलेला तुकडा इवलासा असल्यास प्रत्येक कापणीगणिक ऊती घटते, त्यामुळे कोणती रंजने आधी करावयाची हे ठरवूनच छेद घ्यावे लागतात.

मात्र तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडला नसेल, तर झालेली हानी फेरतपासणीने भरून निघत नाही. तेथे नवा तुकडाच घ्यावा लागतो.