चक्कर की उष्माघात? मैदानावरची पहिली पंधरा मिनिटं

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या किती जणींच्या घरात पोलीस भरतीची तयारी चालू आहे, हे मासिक बैठकीत नुसतं विचारलं तरी कळतं. मुलींना चाचणीत 800 मीटर धावायचं असतं, मुलांना 1600 मीटर. ऐकायला अंतर थोडं वाटतं, पण सराव मात्र तास-दीड तासाचा असतो. पहाटे कामावर किंवा कॉलेजला जायची घाई, म्हणून बरीच मुलं सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ-दहा वाजेपर्यंत मैदानावर राहतात, नाहीतर दुपारी चारलाच पळायला जातात. एप्रिल-मे महिन्यात वाघोलीत चारचं ऊन म्हणजे दुपारच उतरलेली नसते.

अशा वेळी कुणी पडलं की आपण एकच शब्द वापरतो, ‘ऊन लागलं’. पण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे उन्हाचा थकवा. त्याला सावली, पाणी आणि आराम पुरतो. दुसरा उष्माघात. त्यात अर्धा तास वाया गेला तर माणूस हातचा जातो. दिसायला दोन्ही सुरुवातीला सारखेच, म्हणून फरक कसा ओळखायचा ते नीट समजून घेऊ.

उष्माघात म्हटलं की आपल्याला खारघर आठवतं. 16 एप्रिल 2023 ला तिथल्या मोठ्या कार्यक्रमात लोक तासन् तास उन्हात बसले आणि 14 जणांचा जीव गेला. त्यामुळे डोक्यात असं बसलंय की उष्माघात म्हणजे उन्हात बसणं, अंग कोरडं पडणं, आणि तो म्हाताऱ्या माणसांनाच होतो. पळणाऱ्या मुलांचा उष्माघात वेगळा असतो. त्यात बाहेरच्या उन्हापेक्षा अंगातली उष्णता जास्त असते. पळताना पायाचे स्नायू चुलीसारखे तापतात आणि घामाने तेवढी उष्णता बाहेर जात नाही. म्हणून तो तरण्याताठ्या पोरांना होतो, दमट हवेत सकाळी आठला सुद्धा होतो. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटरच्या धावण्यात कोसळून काही तरुण उमेदवार गेले, ते म्हातारे नव्हते की आजारी दिसत नव्हते.

आता मुख्य गोष्ट. घाम पाहून निर्णय करू नका. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ असं बरेच जण सांगतात. पळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे की नाही.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. मैदानावर दोन मुली सराव करतायत. पहिली पाचव्या फेरीनंतर खाली बसते. चेहरा पांढरा पडलाय, घाम खूप, मळमळतंय, डोकं दुखतंय, पोटऱ्यांत गोळे आलेत. पण ती म्हणते, “काकू, मला उलटीसारखं होतंय, जरा पाणी द्या.” तुम्ही तिला विचारता, आज वार कोणता? बरोबर सांगते. आईचा मोबाइल नंबर विचारता, तोही सांगते. हा उन्हाचा थकवा.

दुसरी थांबतच नाही. पाय वाकडे पडतायत, दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. बस म्हटलं तर चिडते, “मला सोडा, मला पळायचंय.” नेहमी शांत असलेली पोर अंगावर ओरडते. नंबर विचारला तर काहीतरी भलतंच बोलते, किंवा नुसती बघत राहते. थोड्या वेळाने कोसळते, कधी झटके येतात. अंग घामाने ओलं आहे, पण मानेला हात लावला तर चटका बसल्यासारखं गरम. हा उष्माघात आहे असंच धरायचं. इथे एक फसवणूक होते, तीही लक्षात ठेवा. असं कोसळलेलं पोर मध्येच दोन मिनिटं नीट बोलतं आणि मग पुन्हा बिघडतं. त्या दोन मिनिटांवर भुलून ‘आता बरी आहे, रिक्षात घालून घरी नेऊ’ म्हणू नका.

तापमापी असेल तर लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. उष्माघातात अंगाच्या आतलं तापमान 104 फॅरनहाइटच्या वर, म्हणजे 40 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं. काखेत किंवा कपाळाला धरलेलं यंत्र मात्र घाम आणि वाऱ्यामुळे 101 किंवा 102 सुद्धा दाखवतं. डोकं ठिकाणावर नसेल, तर यंत्र काहीही म्हणो, उष्माघात समजून कामाला लागा.

पहिल्या मुलीला सावलीत आडवं करा, पायाखाली दप्तर ठेवून पाय जरा वर घ्या, बूट-मोजे आणि जॅकेट काढा. तोंड, मान, हात-पाय ओल्या कपड्याने पुसत वारा घाला. घोट-घोट पाणी द्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात ते पूर्ण घाला, अर्धं-अर्धं करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त घालून ‘ताकद’ येत नाही, उलटी मात्र होते. वीस-तीस मिनिटांत तिला तरतरी यायला हवी. आली नाही, उलट्या थांबल्या नाहीत किंवा बोलण्यात गडबड वाटली, तर ती आता दुसरी मुलगी झाली असं समजा. बरी झाली तरी त्या दिवशी पुन्हा पळायचं नाही.

दुसऱ्या मुलीसाठी नियम एकच आहे: आधी थंड करा, मग हलवा. आपली सवय उलटी आहे. पोर पडलं की आपण आधी गाडी शोधतो. नगर रोडची गर्दी आपल्याला माहीत आहे. वाघोलीतून निघून दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तेवढा वेळ मेंदू, यकृत, मूत्रपिंड त्या उष्णतेत शिजत राहतात. एकीने लगेच 108 ला फोन करावा, पण बाकीच्यांनी गाडीची वाट बघत उभं राहू नये.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे गळ्यापर्यंत गार पाण्यात बुडवणं. अमेरिकेत फॅल्मथ नावाच्या गावी दर उन्हाळ्यात सात मैलांची शर्यत होते. तिथे 18 वर्षांत 274 धावपटूंना उष्माघात झाला, प्रत्येकाला जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं आणि एकही दगावला नाही. आपल्याकडे टब कुठून आणायचा, असं विचाराल. ताडपत्री तर आहे ना! मुलीला ताडपत्रीवर निजवा, चारी बाजूंनी चार-सहा जणींनी कडा धरून उचला म्हणजे होडीसारखा खोलगट आकार होतो, आणि त्यात आठ-दहा बादल्या पाणी ओता. रसवंतीवरून बर्फ आणता आला तर पाण्यात टाका. नाहीच मिळाला तर बोअरचं गार पाणीही चालतं. पाणी हाताने हलवत राहा, नाहीतर अंगाजवळचं पाणी कोमट होऊन बसतं. एकीने फक्त डोकं पाण्याबाहेर धरायचं आणि बोलतं ठेवायचं, दुसरं काही नाही. ओढणी दोन्ही काखांखालून घेऊन मागून धरली की ती घसरत नाही.

ताडपत्रीही नसेल तर पाण्याचा पाइप किंवा तांब्या घ्या आणि डोक्यापासून पायापर्यंत सारखं ओतत राहा. साड्या, चादरी भिजवून अंगभर पसरा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. ओली साडी एकदा टाकून विसरायची नाही. दोन-तीन मिनिटांत ती अंगाच्या उष्णतेने गरम होते, मग ती पांघरूण होऊन बसते. पुन्हा भिजवा, पुन्हा टाका.

‘इतकं गार पाणी, शॉक बसेल’ अशी भीती कुणीतरी हमखास घालतं. पळून तापलेल्या तरुण अंगाला गार पाण्याने होणाऱ्या त्रासापेक्षा उष्णतेचा धोका फार मोठा आहे. म्हाताऱ्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला मात्र बुडवू नका, त्यांना पाणी शिंपडून वारा घाला. ताडपत्रीत साधारण पंधरा मिनिटं ठेवा. त्याआधीच ती नीट बोलू लागली किंवा कुडकुडायला लागली, तर बाहेर काढा. नुसतं पाणी ओतत असाल तर गाडी येईपर्यंत थांबू नका, आणि गाडीतही ओली चादर नि वारा चालू ठेवा.

काय करायचं नाही तेही सांगते, कारण गर्दीत हेच आधी होतं. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू सरबत, ओआरएस काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. उलटी झाली तर कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका. हा आजाराचा ताप नाही, गोळीने तो उतरत नाही आणि तापलेल्या यकृतावर भार पडतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत. माझ्या सासूबाई खिशात कांदा ठेवायला सांगायच्या. ठेवा हवं तर, पण पाण्याची बादलीही ठेवा. आणि कोसळलेलं माणूस श्वासच घेत नसेल, तर ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

मुलगी हसत-बोलत उठून बसली तरी दवाखान्यात न्यायचीच. स्नायू, यकृत आणि मूत्रपिंडाला झालेला त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा. तिथे पोचल्यावर “ऊन लागलं” एवढंच म्हणू नका. किती वाजता पडली, काय बडबडत होती, किती मिनिटं पाण्यात ठेवलं, हे सांगा. पुन्हा पळायला कधी लागायचं ते डॉक्टर ठरवतील, अकॅडमीचे सर नाही.

कुणाला आधी होतो, तेही बघून ठेवा. आदल्या दिवशी जुलाब किंवा ताप आलेल्या, रात्रभर झोप न झालेल्या, आणि वजन उतरावं म्हणून प्लास्टिकचा सूट किंवा जाड जॅकेट घालून पळणाऱ्या पोरांना. तसंच नव्याने उन्हात पळायला लागलेल्यांना. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर सराव निम्मा ठेवावा. पण ‘भरपूर पाणी प्यायलंय, मला काही होणार नाही’ हे खरं नाही. पाणी पिऊनही जोरात पळणाऱ्याला उष्माघात होतो.

आपल्या ग्रामसंघाकडे सामानात ताडपत्री असेल, तर मार्च ते जून ती कपाटात न ठेवता मैदानाजवळ राहणाऱ्या एका ताईकडे ठेवा. सोबत दोन बादल्या, एक तांब्या आणि ओआरएसची चार पाकिटं. सरावाला येणाऱ्या मुलांना ते घर दाखवून ठेवा.