खिशातला डेटा – भाग ५ : व्हिडिओ डाउनलोड केला की डेटा वाचतो का?

मागच्या भागात बिट आणि बाइट यांतला फरक पाहिला. आज तोच हिशेब एका रोजच्या प्रश्नाला लावून पाहू.

माझा भाचा बारावीला आहे. अभ्यासाचे व्हिडिओ तो मोबाइलवर पाहतो आणि त्याच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी डेटा मिळतो. परवा त्याचा फोन आला, "मामा, पाच लेक्चरं डाउनलोड केली तर दुपारीच पॅक संपला. डाउनलोड केलं की डेटा वाचतो ना?"

वाचतो, पण नेहमी नाही. फोनमध्ये व्हिडिओ उतरवून घेणे आणि तो थेट पाहणे, या दोन्हींत डेटा एकाच कारणासाठी जातो : व्हिडिओची माहिती तुमच्या फोनपर्यंत यावी लागते. क्वालिटी तीच असेल, तर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण पाहायला जेवढा डेटा लागतो, साधारण तेवढाच तो डाउनलोड करायलाही लागतो. फरक दुसऱ्यांदा पाहताना पडतो. थेट पाहिला तर माहिती पुन्हा मागवावी लागते. उतरवलेला असेल तर ती फोनमध्येच असते.

त्याचं एक लेक्चर घेऊन आम्ही मोजलं. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपने किती मोबाइल डेटा वापरला हे दिसतं. तो आकडा आधी लिहून ठेवला, चाळीस मिनिटांचं लेक्चर 360p वर पूर्ण पाहिलं आणि पुन्हा आकडा पाहिला. सुमारे १२० एमबी गेले होते, म्हणजे मिनिटाला ३ एमबी. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकांच्या व्हिडिओत चित्र फारसं हलत नाही, म्हणून डेटा कमी लागतो. त्याच क्वालिटीच्या क्रिकेट सामन्याला याहून जास्त लागेल. म्हणून दुसऱ्याचा आकडा वापरू नका, आपल्या व्हिडिओचा मोजा.

मग दुपारी पॅक का संपला? थेट पाहताना क्वालिटी 360p होती, पण डाउनलोडसाठी त्याने 720p निवडलं होतं. तेच लेक्चर तिथे ३०० एमबींचं झालं. पाच लेक्चरं म्हणजे १५०० एमबी, दिवसाचा अख्खा पॅक. त्यातली तीन तर त्याने अजून उघडलीही नव्हती.

आता एका लेक्चरचा हिशेब मांडू. तो ते एकदा पूर्ण पाहतो आणि नंतर सूत्राची सिद्धता असलेली मधली दहा मिनिटं चार वेळा पाहतो. एकूण ऐंशी मिनिटं झाली. थेट पाहिलं तर २४० एमबी. 360p वर उतरवून घेतलं तर १२० एमबी, म्हणजे निम्मे वाचले. पण 720p वर उतरवलं तर ३०० एमबी, म्हणजे साठ एमबी उलट जास्तच गेले.

म्हणून "किती वेळा पाहणार" एवढंच विचारून भागत नाही. सगळी मिळून किती मिनिटं पाहणार, हे विचारायला हवं. क्वालिटी सारखी असेल आणि ती मिनिटं व्हिडिओच्या लांबीपेक्षा जास्त होणार असतील, तर डाउनलोड करा. व्हिडिओ अर्धाच पाहून सोडणार असाल, तर थेट पाहिलेलं बरं. थेट पाहताना प्लेअर थोडा पुढचा भाग आधीच आणून ठेवतो, त्यामुळे मधेच बंद केलं तर तेवढा वाया जातो. पण तो पूर्ण व्हिडिओएवढा नसतो.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, डाउनलोडची क्वालिटी ॲपच्या सेटिंगमध्ये वेगळी असते, ती आधी तपासा. दुसरी, उतरवलेला व्हिडिओ डाउनलोडच्या यादीतूनच लावा. खात्री हवी असेल तर मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून लावून पाहा. चालला, तर तो फोनमधूनच चालतोय. अनेक ॲप ठरावीक दिवसांनी एकदा इंटरनेटला जोडायला सांगतात. त्या तपासणीला डेटा किरकोळ लागतो. पण ॲप काढून टाकलं, तर त्यातली डाउनलोडही जातात आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

भाच्याने आता 360p ठरवून टाकलंय. रोजच्या पॅकमधला उरलेला डेटा मध्यरात्री संपतो, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. म्हणून रात्री अकराच्या सुमारास किती उरलाय ते तो पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा लागणारं एखादं लेक्चर तेव्हा उतरवून घेतो. तो डेटा एरवी वायाच जाणार असतो.

पुढच्या आठवड्यात : व्हिडिओ न उघडताही डेटा कुठे जातो?