बचाव करायचाय? आधी पैसे भरा

इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याने एका यंत्रमागवाल्याला बारा लाखांचं सूत दिलं, असं समजा. दोन महिन्यांनी मिळालेला बारा लाखांचा चेक बँकेतून परत आला. आता व्यापारी कोर्टात जाणार. साधा दावा लावला, तर कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी असं सगळं होऊन निकाल लागायला वर्षं जातील. त्याचा वकील म्हणतो, ‘आपण समरी सूट लावू.’

दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 37 खाली हा दावा चालतो. हुंडी, चेक, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारातून येणारी ठरलेली रक्कम वसूल करायची असेल, तर तो लावता येतो. नुकसानभरपाईसारखी, कोर्टानेच आकडा काढावा लागेल अशी मागणी त्यात बसत नाही. एरवीच्या दाव्यात प्रतिवादीला बचावाचा हक्क आपोआप असतो. इथे त्याला तो मागून घ्यावा लागतो.

समन्स हाती पडल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने कोर्टात हजेरी नोंदवायची. नाही नोंदवली, तर दाव्यातलं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून वादीला हुकूमनामा मिळू शकतो. हजेरी लावली, की वादी निकालासाठी दुसरं समन्स बजावतो. ते मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने प्रतिज्ञापत्रावर आपला बचाव मांडून परवानगी मागायची. कोर्टवाले तिला ‘लिव्ह टू डिफेंड’च म्हणतात. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये.

आपला यंत्रमागवाला प्रतिज्ञापत्रात लिहितो, ‘तीन लाखांचं सूत चांगलं होतं, बाकीचं खराब निघालं.’ इथे तो पहिल्याच वाक्यात अडकला. जेवढं देणं स्वतः कबूल केलं, तेवढी रक्कम भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. तीन लाख भरणं आलंच. खरा प्रश्न उरलेल्या नऊ लाखांचा.

ते भरायला लावायचे की नाही, हे ठरवण्याच्या पायऱ्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या खटल्यात नव्याने घालून दिल्या. बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी. तो जिंकेलच असं नाही, पण वाजवी आहे आणि तपासण्याजोगा मुद्दा पुढे येतोय, तरीही एरवी अट नाही. मुद्दा आहे, पण प्रतिवादीच्या हेतूबद्दल शंका येते, तेव्हा कोर्ट पैसे किंवा तारण मागू शकतं. बचाव ऐकायला ठीक वाटतो पण घडलं असेल असं वाटत नाही, तेव्हा ही अट मुद्दल आणि वाजवी व्याज एवढी मोठीही असू शकते. बचावात काहीच दम नसेल तर परवानगी नाही, थेट हुकूमनामा. हबटाऊन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने विनाअट परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून 418 कोटी रुपये तीन महिन्यांत भरा किंवा तेवढ्याचं तारण द्या, असं सांगितलं.

ही शंका येते कुठून? माझ्या मते बहुतेक वेळा तारखांतून. सूत पोचल्यावर आठवड्याभरात यंत्रमागवाल्याने ‘धागा तुटतोय, माल परत न्या’ असं पत्र पाठवलं असेल, तर तो चेक देण्याच्या आधीचा कागद आहे. मग चेक का दिला, एवढंच त्याला समजावून सांगावं लागेल. ‘तारण म्हणून दिला’ हे त्याचं म्हणणं खरंखोटं ठरायला साक्षीपुरावा लागतो; अशा वेळी विनाअट परवानगीची आशा असते. उलट, चलनावर सही करून माल उतरवून घेतला, बिलावरचं जीएसटी क्रेडिट घेतलं, चेक दिला, वकिलाच्या नोटिशीलाही उत्तर नाही आणि खराब सुताची गोष्ट पहिल्यांदा प्रतिज्ञापत्रातच उगवली, तर न्यायाधीशांच्या भुवया उंचावणारच. मग नऊ लाख, निदान त्यातला बराच भाग, भरायचा आदेश येतो. त्याच्या हाती रोकड नसली तर तो बँक गॅरंटी देण्याची मुभा मागू शकतो.

भरलेले पैसे लगेच वादीच्या खिशात जातात, हा गैरसमज. ते कोर्टात राहतात, बहुधा बँकेत मुदत ठेवीत. प्रतिवादी जिंकला तर ते त्याला परत मिळतात. मुदतीत भरले नाहीत, तर परवानगी गेली आणि वादीला हुकूमनामा मिळायची वाट मोकळी झाली. अट जाचक वाटली तर वरच्या कोर्टात दाद मागता येते, पण नुसती दाद मागितल्याने मुदत थांबत नाही. त्यासाठी वेगळी स्थगिती लागते.

तेव्हा माल खराब निघाला, तर तक्रार त्याच आठवड्यात लेखी पाठवा आणि पोच सांभाळून ठेवा.